वासंतीच्या ड्रॉइंगची कापलेली पट्टी

प्रिय वासंती,

मंडळाच्या अंकासाठी "आपल्यातल्या एखाद्या साध्या माणसावर लिहा" म्हणून फोन आला. मी तुझं नाव सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "या कोण? काही अवॉर्ड वगैरे?" म्हटलं, अवॉर्ड असतं तर साधं माणूस कशाला म्हणाली असतीस? तिने नाव लिहून घेतलं. तेव्हा हे पत्र तुला आहे, पण वाचणार चारचौघं. त्यामुळे तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. कंटाळू नकोस. शेवटी एक गोष्ट आहे, ती तुला ठाऊक नाही.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात आमचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर आणि तुमचं मागच्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावर. तुझे वडील मंत्रालयात अप्पर डिव्हिजन क्लार्क. ते निवृत्तीच्या आधीच गेले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि तू आईला घेऊन गाझियाबादला दोन खोल्यांत राहायला गेलीस. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा होता. मी साहिबाबादच्या त्या उपकरणांच्या कारखान्यात टेस्टिंग सांभाळत होते, भौतिकशास्त्रातली एम.एस्सी. आणि डोक्यात राग एवढ्या दोनच गोष्टी घेऊन. तुला तिथे मीच चिकटवलं. अण्णासाहेब, आमचे मालक, म्हणाले, "मुलगी सोल्डरिंग करेल का?" मी म्हटलं, "करेल, आणि तुमच्या डिझाइनवाल्यांच्या चुकाही काढेल." हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

डिझाइनवाले म्हणजे सुधन्वा. मराठी माणूस, इंग्रजी गुळगुळीत, शर्टाच्या खिशात तीन पेनं. सत्त्याऐंशीत माझा एक टेस्ट-रिपोर्ट त्याने स्वतःच्या सहीने परिषदेत वाचला होता. मी सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी निःपक्षपाती होते असं कोणी समजू नये. नव्हते.

सन त्र्याण्णव. बाजार उघडला होता, बाहेरची चकचकीत यंत्रं येऊ लागली होती. वैशाली या नव्या वसाहतीच्या बाजूला शेतांत इमारतींचे खांब उभे राहत होते आणि आमच्या गेटबाहेरचा चहावालासुद्धा "फॉरेन कोलॅबोरेशन" म्हणायला शिकला होता. अण्णासाहेबांना एकच आशा होती. एका राज्याच्या पाणीपुरवठा खात्याचं टेंडर: जिल्ह्याजिल्ह्यांच्या प्रयोगशाळांसाठी पाणी तपासायचे मीटर. पाण्यात औषध घालायचं, रंग येतो, त्यातून प्रकाश सोडायचा, किती प्रकाश अडला ते मोजायचं. अट साधी होती आणि जीवघेणी होती. पंधरा अंशांपासून पंचेचाळीस अंशांपर्यंत आकडा दोन टक्क्यांच्या बाहेर जाता कामा नये. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत एसी कुठला? पंखासुद्धा वीज असली तर.

सुधन्वाने सहा महिने घालवले. मग ते काम "बघ जरा" म्हणून तुझ्याकडे ढकललं.

वाचणाऱ्यांसाठी सांगते, आणि एकदाच सांगते. प्रकाश किती अडला हे लॉगरिदमने मोजतात, कारण रंग दुप्पट गडद झाला की प्रकाश निम्मा होत नाही, वर्गाच्या हिशोबाने पडतो. लॉग काढायला तू ऑप-अँपच्या, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या चिपच्या (किती पट मोठा, तो तिचा गेन), फीडबॅकच्या वाटेत रेझिस्टरऐवजी ट्रान्झिस्टर बसवलास. त्यातून वाहणारा करंट दहापट झाला की त्याच्या बेस-एमिटरवरचा व्होल्टेज दहापट होत नाही, फक्त साठ-एक मिलिव्होल्टने वाढतो. शंभरपट झाला की एकशेवीस. निसर्गाने फुकट दिलेला लॉग! पण फुकट काही मिळत नाही. ट्रान्झिस्टर तापला की दोन प्रकारे बिघडतो. एक, त्याचा सगळा व्होल्टेजच दर अंशाला दोन-एक मिलिव्होल्टने खाली घसरतो. दुसरं जास्त लबाड आहे: ते साठ साठ राहत नाहीत. चोवीस अंशांना एकोणसाठ असतात, त्रेचाळीसला जवळजवळ त्रेसष्ट.

पहिल्या रोगाचं औषध पुस्तकात होतं. एकाच डबीतले जुळे ट्रान्झिस्टर घ्यायचे, एकातून मोजायचा करंट, दुसऱ्यातून ठरलेला करंट, आणि फरक घ्यायचा. दोघे सारखेच घसरतात, घसरण वजा होते. सुधन्वाला एवढं माहीत होतं. दुसऱ्या रोगाचं औषध म्हणजे तापमानाबरोबर वाढणारा खास रेझिस्टर. तो बाहेरून मागवायचा तर चार महिने.

तू एका शनिवारी लजपतराय मार्केटमधून केसासारखी बारीक तांब्याची तार आणलीस.

"अलकाताई, तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो ना? दर अंशाला शून्य पॉइंट एकोणचाळीस टक्के."

"मग?"

"मला हवाय शून्य पॉइंट तेहेतीस-चौतीस. म्हणजे शंभर ओहमातले शहाऐंशी तांब्याचे, चौदा साधे. तांबं वाढेल, गेन तेवढाच कमी होईल, त्रेसष्टचे परत एकोणसाठ!"

"आणि गुंडाळणार कोण?"

"आईला स्वेटरची सवय आहे यार ताई," तू म्हणालीस, आणि खरंच तुझ्या आईने सव्वीस मीटर तार मोजून चिंचोक्याएवढ्या रिळावर गुंडाळली. तू ते रीळ जुळ्या ट्रान्झिस्टरच्या डबीला टेकवलंस आणि दोघांवर काळं लुकण थापलंस, म्हणजे दोघं एकाच तापमानाला राहतील. दिसायला ते शेणाच्या गोळीसारखं होतं. मी माझ्या ओव्हनमध्ये बोर्ड ठेवला. पंधरा अंश, तीस, पंचेचाळीस. पूर्ण दिवसात आकडा अर्धा टक्का हलला. मी लॉगबुकात लिहिलं: "उत्तीर्ण." आणि खाली, नियमात नसताना, तुझं नाव.

तुझा स्वभाव मला तेव्हाच नीट कळला. तू हुरळली नाहीस. तुला एकच हवं होतं: ड्रॉइंगवर नाव. आपल्याकडे पद्धत होती, ज्याने सर्किट काढलं त्याचं नाव ट्रेसिंगच्या, म्हणजे मूळ पारदर्शक कागदाच्या, उजव्या कडेच्या पट्टीत जायचं, आणि ज्याचं नाव तीन ड्रॉइंगवर असेल त्याला डिझाइन विभागात घ्यायचे. तुझी दोन झाली होती, छोट्या पॉवर सप्लायची. हे तिसरं. सोल्डरिंगच्या बाकड्यावरून खुर्चीवर जायचं. तू पट्टीत सुवाच्य लिहिलंस, "व. धोंगडे". मुख्य चित्रात जागा नव्हती म्हणून रेझिस्टरच्या आकड्याशेजारी, "आर-७, १०० ओहम", फक्त एक फुली काढलीस, आणि फुलीचा अर्थ त्याच पट्टीत, नावाच्या खाली लिहिलास: तांब्याची तार, किती मीटर, डबीला टेकवूनच बसवणे.

पंधरा दिवसांनी ते ड्रॉइंग अमोनिया प्रिंट, म्हणजे ट्रेसिंगवरून काढलेली नक्कल, होऊन माझ्या टेबलावर आलं. मूळ ट्रेसिंगच्या उजव्या कडेला नवी पट्टी चिकटवलेली. त्यात "सुधन्वा" अशी लफ्फेदार सही. तुझी पट्टी ब्लेडने कापली होती, आणि पट्टीबरोबर फुलीचा अर्थही.

मी तडक त्याच्या खोलीत गेले. "हे काय आहे?"

"मॅडम, टेंडरला सिनियर माणसाचं नाव लागतं. डिप्लोमावाल्या मुलीचं नाव बघून खात्याचे लोक हसतील."

"आणि तिचं तिसरं ड्रॉइंग?"

"पुढच्या वर्षी बघू. तिला घाई काय आहे? लग्नबिग्न होईल तिचं."

त्याच्या टेबलाखालच्या टोपलीत ती पट्टी चुरगाळून पडली होती. मी वाकले, उचलली, पर्समध्ये टाकली. त्याला वाटलं मला कचऱ्याचा राग आला. मी फुलीबद्दल एक अक्षर बोलले नाही. त्याने तुझा बोर्ड उचलून मला दाखवला, वर म्हणाला, "आणि हा काळा गोळा काय लावलाय? एक्स्पोर्ट क्वालिटी दिसायला हवी. मी सगळं स्वच्छ करून घेतोय."

"घ्या," मी म्हटलं.

चार्टर्ड बसमध्ये शेजारी बसून मी तुला सगळं सांगितलं. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मोहननगरच्या चौकात बस थांबली तेव्हा बोललीस.

"म्हणजे तो आर-सातला साधा रेझिस्टर लावणार?"

"हो."

"एसीत चालेल." मग बस सुटल्यावर, "मेमध्ये नाही चालणार."

"सांगणार आहेस?"

तू हसलीस. मी तुला तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. "ताई, ज्याची सही त्याला माहीत असणारच ना?"

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. वाटलं, मुलगी शेवटी शिकली.

सुधन्वाने सहा मीटर बनवले, स्वच्छ, चकचकीत, काळ्या गोळीशिवाय. आपल्या एसीच्या खोलीत चोवीस अंशांना कॅलिब्रेट केले. ओव्हनमध्ये घालायला मी मागितले तर म्हणाला, "डिझाइन एकदा पास झालंय मॅडम, तुमच्याच सहीने." खरं होतं. माझ्याच सहीने. मी पुन्हा मागितले नाहीत.

मे महिन्यात सरकारी चाचणी-घरात, पत्र्याच्या छताखाली, त्रेचाळीस अंशांत मीटर मांडले. मी सोबत होते. कोऱ्या पाण्याला शून्य, अगदी शून्य. मग त्यांच्या अधिकाऱ्याने प्रमाणित काच घातली, ती १.०० दाखवायला हवी. १.०६. अर्ध्याची काच: ०.५३. दीडची: १.६०. सहाही मीटर तसेच, जणू एका शाळेतले.

अधिकारी पंजाबी होता, घाम पुसत म्हणाला, "सर, मशीन गर्मी से परेशान है।"

सुधन्वा म्हणाला, "इम्पॉसिबल. गर्मी होती तो ज़ीरो हिलता। ज़ीरो देखिए, परफेक्ट है।"

तिथेच त्याची बुद्धी संपत होती. शून्य हलत नाही, कारण शून्यावर दोन्ही जुळ्यांतला करंट सारखा, फरक नाहीच. मग साठचे त्रेसष्ट झाले तरी वाढणार काय? वाढतं ते मोजताना, प्रत्येक आकड्यात त्याच प्रमाणात. ते आकडे बघून माझी खात्री झाली, तुला तर पत्र्याचं छप्पर बघूनच कळलं असतं. त्याने दिवे बदलले, काचा पुसल्या, तिथल्या विजेला "व्होल्टेज फ्लक्चुएशन" म्हणून शिव्या दिल्या. मी टिपणवहीत आकडे उतरवत होते आणि माझं अक्षर त्या दिवशी फार सुंदर आलं होतं.

खात्याने पंधरा दिवस दिले. पुन्हा चाचणी, नंतर नाही.

आठव्या दिवशी तो तुझ्या बाकड्यापाशी आला. मी मुद्दाम जवळच्या कपाटात काहीतरी शोधत उभी राहिले.

"वासंती, तुझ्या त्या पहिल्या बोर्डात काय होतं?"

"सर, ड्रॉइंग तुमचं आहे."

"हे बघ, हा हट्टाचा विषय नाही. कंपनीचा प्रश्न आहे."

"मग पट्टीत माझं नाव लिहा. तुमच्या हाताने. मी इथेच सांगते, पाच मिनिटं लागतील."

तो लाल झाला. "नावाने सर्किट चालत नाही."

"नाही सर," तू म्हणालीस, "पण नाव कापलं की बंद पडतं, तसं दिसतंय."

कपाटाच्या दारामागे मी तोंडावर हात धरला. त्याने आवाज चढवला, "डिझाइन रूममध्ये पाऊल ठेवायचं नाही यापुढे!" आणि गेला. जुना बोर्ड त्याने आधीच "स्वच्छ" करवला होता. काळा गोळा खरवडताना तार तुटून गेली होती. आता या जगात ते औषध तुझ्या डोक्यात होतं, आणि माझ्या पर्समधल्या पट्टीवर.

मी तुला म्हटलं, "आता फक्त बसून राहायचं. सात दिवस."

तू मान हलवलीस. पण तो होकार खरा नव्हता, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

बुधवारी संध्याकाळी, शुक्रवारच्या चाचणीच्या दोन दिवस आधी, तू मला बसस्टॉपवर गाठलंस. हातात पोह्यांचा जुना डबा. उघडून दाखवलास. कापसात सहा रिळं, प्रत्येकाला चौदा ओहमचा तुकडा जोडलेला, आणि एक कागद, कसं बसवायचं त्याचा.

"आईने चार रात्री बसून केली. तिच्या डोळ्यांची वाट लागलीय."

"कोणासाठी?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"त्यांना द्या. उद्या सकाळी नऊच्या आत. मग दिवसभरात सहाही लागतील, संध्याकाळी कॅलिब्रेट होतील."

"वासंती, वेड लागलंय? नाव?"

"राहू दे नाव." तू वैतागली होतीस, माझ्यावरच. "ताई, बाकड्यावर माझ्यासोबत पाच बायका आहेत. टेंडर गेलं की त्या घरी. आणि ते सोडा. तिकडे माझं सर्किट आहे. ते गरम झालं की खोटं बोलतंय, आणि मला माहीत असून मी इथे बसलेय. मला झोप येत नाही. त्याला शिक्षा करायला मी स्वतःचंच काम खोटं ठेवू?"

"तूच जाऊन दे मग."

"मी दिलं तर फेकून देतील. तुम्ही दिलंत तर टेस्टिंगचा रिमार्क म्हणून घेतील. घेतात ते, तुम्हाला घाबरतात. नऊच्या आत, प्लीज."

मी डबा घेतला.

शुक्रवारी सहाही मीटर पुन्हा १.०६ दाखवत होते. टेंडर गेलं. सोमवारी अण्णासाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मी ती चुरगाळलेली पट्टी त्यांच्या टेबलावर हाताने सपाट केली, शेजारी माझं लॉगबुक ठेवलं. आणि काय झालं ते वाचून दाखवलं, आवाज अजिबात न चढवता. सुधन्वा म्हणाला, "हे मला कोणीच सांगितलं नाही." अण्णासाहेब म्हणाले, "सही करताना विचारलंत कोणाला?" दुपारपर्यंत त्याच्या तीन पेनांसकट तो गेटबाहेर होता. अण्णासाहेबांनी स्वतः स्टूल ओढून ट्रेसिंगवर तुझं नाव लिहिलं. तिसरं ड्रॉइंग. तुझा चेहरा मात्र कोरा होता. तू मला कोपऱ्यात घेऊन विचारलंस, "दिलं होतंत ना? त्यांनी लावलं नाही?"

मी म्हटलं, "अशा माणसाला काय सांगायचं."

हे उत्तर नव्हतं. तुला ते उत्तर वाटलं.

डिझाइनची खुर्ची तुला मिळाली, पण चार महिनेच. अण्णासाहेबांनी बाकडी बंद केली आणि बाहेरच्या यंत्रांची एजन्सी घेतली. त्या पाच बायकांतल्या द्वारकाने नंतर नोएडात शिवणाच्या कारखान्यात काम धरलं. बाकीच्यांचं मी विचारलं नाही. तू सर्व्हिसमध्ये गेलीस, दुसऱ्यांनी बनवलेली यंत्रं दुरुस्त करत उत्तर भारत हिंडलीस, आईला सांभाळलंस, लग्न केलं नाहीस, पन्नाशीत स्वतःचं छोटं दुकान काढलंस कौशांबीला. लोक अजून येतात तुझ्याकडे, इतरांनी टाकून दिलेले मीटर घेऊन. "बिल्कुल ठीक होईल," म्हणतेस, आणि ते होतात. एवढंच तुझं चरित्र. मंडळाला पुरेल.

मला पस्तावा वगैरे झालाय असं समजू नकोस. सुधन्वा गेटबाहेर जाताना मी खिडकीत उभी होते, आणि तसा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. तो मी कोणाला परत करणार नाही. पण तू अजूनही, बत्तीस वर्षांनी, कोणी विषय काढला की म्हणतेस, "त्यांना दिलं होतं, त्यांनीच घेतलं नाही." गेल्या महिन्यात माझ्या नातीसमोर म्हणालीस. खोटे आकडे दाखवणारं सर्किट तुला सहन होत नाही, आणि हे एक वाक्य तू माझ्या भरवशावर खोटं बोलत आलीस. तेवढं मला सहन होईना.

त्या गुरुवारी मी साडेआठला कारखान्यात पोहोचले. डबा पिशवीत होता. सुधन्वाची खोली उघडी होती, तो आत एकटाच, डोकं धरून बसला होता. मी दारापर्यंत गेले. नऊ वाजले. मग माझ्या टेबलाशी आले, डबा खालच्या खणात ठेवला आणि कुलूप लावलं.